बुडालेल्या लेक्चरसाठी प्रोफेसरांना मेल करण्याआधी

परदेशात शिकताना आजारपणात दोन आठवड्यांची लेक्चरं बुडाली. आता प्रोफेसरांकडे रेकॉर्डिंग मागायचं आहे आणि जमलं तर सोप्या भाषेतला सारांशही. मेल दहा ओळींचा होईल, पण त्याआधी दोन-तीन तासांची तयारी लागते. ती का लागते हे कळायला एक गोष्ट ध्यानात घ्या: या दोन मागण्या एका जातीच्या नाहीत. रेकॉर्डिंग बहुधा आधीच तयार असतं, प्रोफेसरांना फार तर परवानगीचं एक बटण दाबावं लागतं. सारांश मात्र कुणीतरी नव्याने बसून लिहायचा असतो, आणि तोही एकट्या तुमच्यासाठी. दोन्ही एका दमात मागितलं की अवघड मागणीपायी सोपीसुद्धा अडकते, आणि मेल ‘सवडीने बघू’मध्ये जाऊन पडतो. शिकवणी सहायक म्हणून मी असे मेल बरेच वाचले आहेत. लगेच उत्तर द्यावंसं वाटायचं ते ज्यात नेमकं काय हवं ते दिसायचं त्यालाच.

एक उदाहरण घेऊन पुढे जाऊ. संख्याशास्त्राचा कोर्स, आठवड्याला दोन लेक्चरं, आणि तुमचा सहावा व सातवा आठवडा बुडाला, म्हणजे लेक्चर 11 ते 14. सर्वात आधी कोर्सच्या पानावर जा. मूडल असो, कॅन्व्हास असो, तिथे बहुधा रेकॉर्डिंगचा वेगळा विभाग असतो, पण तो कुठे लपलेला असेल ते प्रत्येक कोर्सवर अवलंबून. आठवड्यांच्या यादीत नसेल तर बाजूच्या मेनूत पॅनोप्टोसारख्या लेक्चर रेकॉर्ड करणाऱ्या एखाद्या यंत्रणेचं नाव दिसतं का ते पाहा. लिंक उघडून परवानगी नसल्याचा संदेश आला, तर लगेच प्रोफेसरांकडे धावू नका. ब्राउझरमध्ये तुमचं खासगी खातं चालू असेल तर विद्यापीठाची लिंक तुम्हाला परकं समजते. विद्यापीठाच्या खात्यातून पुन्हा उघडा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात असा माझा अंदाज आहे.

समजा एवढं करून असं दिसलं: 11 आणि 12 नीट उघडतात, 13 विद्यापीठाच्या खात्यातूनही उघडत नाही आणि 14 यादीतच नाही. झालं, ‘चारही लेक्चरांची रेकॉर्डिंग पाठवा’ ही मागणी दोन लेक्चरांवर आली. त्यातही 13ला फक्त परवानगी हवी आणि 14 मुळात रेकॉर्ड झालं का हाच प्रश्न. आता कोर्सची सुरुवातीची माहितीपत्रिका, म्हणजे सिलॅबस, उघडून रेकॉर्डिंगबद्दल काय लिहिलंय ते वाचा. काही प्रोफेसर रेकॉर्डिंग सगळ्यांना खुलं ठेवतात, काही फक्त मंजूर गैरहजेरीलाच देतात, काही देतच नाहीत. न देण्यामागे दर वेळी आडमुठेपणा नसतो. वर्गात प्रश्न विचारणाऱ्या इतर मुलांचे आवाज, कधी चेहरेही त्यात असतात, आणि ते बाहेर फिरू नयेत ही जबाबदारी प्रोफेसरांवर येते. म्हणून रेकॉर्डिंग उतरवून घेणार नाही आणि कुणाला पाठवणार नाही, हे मेलमध्ये एका वाक्यात आपणहून लिहिलेलं बरं.

जी दोन रेकॉर्डिंग उघडली ती मेल लिहिण्याआधी बघून टाका. न बघता मागणारा विद्यार्थी दुसऱ्याच प्रश्नाला उघडा पडतो. शिवाय बघितल्यावरच त्यातल्या उणिवा कळतात. बऱ्याच वर्गांत यंत्रणा फक्त प्रोजेक्टरचा पडदा आणि प्रोफेसरांचा माइक टिपते. फळ्यावर केलेली उकल दिसतच नाही, ऐकू येतं ते फक्त ‘हे इकडे घेतलं, ते तिकडे गेलं’. मागच्या बाकावरचा प्रश्नही ऐकू येत नाही, थेट उत्तरच येतं. खालची आपोआप उमटणारी अक्षरं साधं बोलणं ठीक पकडतात, पण पारिभाषिक शब्दांची खिचडी करतात. फळ्याच्या फोटोसाठी वर्गातल्या कुणाला तरी विचारा. हे काम प्रोफेसरांचं नाही, आणि वर्गमित्र एवढं आनंदाने करतात.

आता सारांश. खरी मेहनत इथे आहे. ‘बुडालेल्या भागाचा सोप्या भाषेत सारांश मिळेल का’ असं विचारलं तर बहुतेक ठिकाणी सभ्य नकार येतो, किंवा ‘पुस्तकातलं आठवं प्रकरण वाच’ एवढं उत्तर येतं. त्याऐवजी सारांश तुम्हीच लिहा, अर्ध्या पानाचा, स्वतःच्या साध्या वाक्यांत, आणि तो बरोबर आहे का एवढंच विचारा. स्लाइड आणि पुस्तकातलं प्रकरण समोर ठेवा, प्रत्येक लेक्चरला तीन-चार वाक्यं द्या. जिथे वाक्य पुरं होत नाही तिथे थांबा. तोच तुमचा प्रश्न.

आपल्या उदाहरणात लेक्चर 13 हायपॉथिसिस टेस्टिंगचं आहे, म्हणजे ‘काही फरक नाही’ या गृहीतकाची, नल हायपॉथिसिसची, आकड्यांवरून पारख. स्लाइडवर पी-व्हॅल्यू 0.03 दिसते आणि तुम्ही लिहिता: ‘नल हायपॉथिसिस खरी असण्याची शक्यता 3 टक्के आहे.’ वाक्य गुळगुळीत आहे, आणि चुकीचं आहे. पी-व्हॅल्यू सांगते ते वेगळंच: नल हायपॉथिसिस खरी आहे असं धरून चाललं, तर हाती आला तेवढा किंवा त्याहून टोकाचा निकाल निव्वळ योगायोगाने मिळण्याची शक्यता 3 टक्के. पहिल्या वाक्यात हायपॉथिसिसबद्दल निवाडा आहे, दुसऱ्यात ती गृहीत धरून आकड्यांबद्दल बोलणं आहे. हा घोटाळा इतका सर्रास होतो की तुमचं चुकीचं वाक्य वाचताच प्रोफेसरांना अडचण कुठे आहे ते कळतं, आणि दुरुस्ती दोन ओळींत होते. कोऱ्या सारांशाची मागणी केली असती तर त्यांना आधी तुम्हाला काय येत नाही याचा अंदाज बांधावा लागला असता. म्हणून आपला सारांश चकचकीत करायच्या नादी लागू नका. जसं समजलंय तसंच लिहा, चूक दिसली तरच ती दुरुस्त होते.

इंग्रजीचा वेग झेपत नाही म्हणून सोपी भाषा हवी असेल, तर तेही आडपडदा न ठेवता लिहा, पण त्याला नेमकेपण द्या. ‘लेक्चर 12मध्ये कॉन्फिडन्स इंटरव्हलची उकल सुरू झाल्यापासून मला मागोवा ठेवता आला नाही’ यावर कुणी काहीतरी करू शकतं. ‘मला इंग्रजी कठीण जातं’ यावर काय करणार?

गैरहजेरीचं कारण एका वाक्यात. तापाचे तपशील, गोळ्यांची नावं, डॉक्टरांचा अहवाल यांतलं काही प्रोफेसरांना पाठवू नका. वैद्यकीय कागद विद्यार्थी कल्याण कार्यालयाकडे किंवा तुमच्या विभागाच्या कार्यालयाकडे जातात, आणि बऱ्याच ठिकाणी तेच सगळ्या शिक्षकांना गैरहजेरी कळवतात. तुमचा कोर्स कुठल्या पद्धतीने चालतो ते सिलॅबसमध्ये असतं. विद्यार्थी व्हिसावर असाल तर हे कार्यालय टाळू नका. ब्रिटनसारख्या देशात व्हिसा पुरस्कृत करणाऱ्या विद्यापीठाला विद्यार्थ्याच्या सहभागावर लक्ष ठेवावं लागतं, आणि प्रोफेसरांशी झालेला खासगी मेल तिथे नोंद म्हणून आपोआप पोचत नाही.

मेल कुणाला, हेही आधी ठरवा. वर्ग मोठा असेल आणि शिकवणी सहायक असतील, तर पी-व्हॅल्यूसारखी शंका त्यांच्याकडे आणि रेकॉर्डिंगची परवानगी प्रोफेसरांकडे. मेल विद्यापीठाच्या पत्त्यावरूनच पाठवा. विषयाच्या ओळीत कोर्सचा कोड, लेक्चरचे क्रमांक आणि काय हवं ते. ‘अर्जंट’ नको. संबोधन प्रोफेसर आणि आडनाव. पहिल्या नावाने हाक मारायची पद्धत काही देशांत आहे, पण ती त्यांनी सुरू करू द्या.

मजकूर शेवटी इंग्रजीत जाईल, तरी आधी मराठीत मांडून पाहिला की फापटपसारा लगेच दिसतो. साधारण असा:

‘प्रोफेसर (आडनाव), मी तुमच्या संख्याशास्त्राच्या कोर्समध्ये, मंगळवारच्या सेक्शनला आहे. आजारपणामुळे सहाव्या आणि सातव्या आठवड्यातली लेक्चरं 11 ते 14 माझ्याकडून बुडाली. विभागाच्या कार्यालयाला कागदपत्रं दिली आहेत. लेक्चर 11 आणि 12ची रेकॉर्डिंग मी पाहिली. 13ची लिंक माझ्या विद्यापीठाच्या खात्यातून उघडत नाही आणि 14ची मला सापडली नाही. 13साठी परवानगी मिळेल का, आणि 14 रेकॉर्ड झालं आहे का? रेकॉर्डिंग फक्त माझ्या अभ्यासासाठी वापरेन, कुणाला पाठवणार नाही. या भागाचा माझ्या शब्दांतला अर्ध्या पानाचा सारांश खाली दिला आहे. त्यातल्या दोन ठळक केलेल्या वाक्यांबद्दल मला शंका आहे. ती मेलवर पाहता आली नाहीत तर गुरुवारच्या भेटीच्या वेळेत 10 मिनिटं येऊ का?’

खाली नाव आणि विद्यार्थी क्रमांक. सारांश जोडपत्र म्हणून न देता मेलमध्येच चिकटवा, म्हणजे फोनवर वाचणाऱ्याला फाइल उघडावी लागत नाही. ‘मी काही महत्त्वाचं चुकवलं का’ हे वाक्य मात्र कुठेही येऊ देऊ नका. शिकवणाऱ्याच्या लेखी सगळंच महत्त्वाचं असतं.

पाठवल्यावर तीन कामाचे दिवस थांबा. शनिवार-रविवार त्यात धरू नका, आणि तुम्ही त्या वेळी दुसऱ्या देशात असाल तर तिथलं घड्याळ बघा. उत्तर नाही आलं तर त्याच मेलवर दोन ओळींची आठवण, नवा मेल नको. रेकॉर्डिंगला नकार आला तर वाद घालण्यात अर्थ नाही, भेटीची वेळ पक्की करा आणि फळ्याचे फोटो घेऊन जा. लिंक आली तर त्याच दिवशी उघडून शेवटपर्यंत सरकवून पाहा. काही वेळा आवाज मध्येच तुटलेला असतो, काही लिंकांना मुदत असते, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री हे कळून उपयोग नसतो.