बाटली संपली म्हणजे कोर्स संपला नाही: घशाच्या औषधातल्या चुका

आठ वर्षांचा मुलगा. अचानक ताप, गिळताना दुखणं, टॉन्सिलवर पांढरे ठिपके, मानेत दुखऱ्या गाठी. सर्दी-खोकला मात्र नाही. चित्र स्ट्रेप्टोकोकस जंतूचं होतं, म्हणून अमॉक्सिसिलिन दिलं. 10 मिली, दिवसातून दोनदा, 10 दिवस. 60 मिलीची बाटली तिसऱ्या दिवशी संपली. ताप उतरला होता, पोरगा खेळत होता. दुसरी बाटली कुणी आणलीच नाही.

साधारण तीन आठवड्यांनी गुडघा सुजला. 'पडला असेल' म्हणून बाम चोळला. दोन दिवसांत गुडघा बरा आणि घोटा सुजलेला! मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणली, सूज झपाट्याने उतरली आणि सगळे निश्चिंत झाले. जिना चढताना धाप लागायला लागली तेव्हा माझ्याकडे आले. इकोत हृदयाची माइट्रल झडप गळत होती. रुमॅटिक ताप. आता दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, तेही कित्येक वर्षं.

या घशाचा ताप तीन-चार दिवसांत औषधाशिवायही उतरतो. त्यामुळे 'बरं वाटतंय' यावरून काहीच कळत नाही. 10 दिवस लागतात ते घशातले जंतू पुरते संपवायला. ते राहिले तर त्यांच्याविरुद्ध तयार झालेली प्रतिकारशक्ती काही थोड्या मुलांत स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयावर उलटते. हाच रुमॅटिक ताप. धोका मुख्यतः 5 ते 15 वर्षांच्या मुलांना. मी आता चिठ्ठीवर बाटल्यांची संख्या आणि शेवटच्या डोसची तारीखही लिहितो. ज्यांच्या घरी दहा दिवस निभणार नाहीत असं दिसतं, त्यांना बेंझाथिन पेनिसिलिनचं एकच इंजेक्शन सुचवतो. दुखतं, पण अर्धवट राहत नाही.

उरलेलं सिरप धाकट्या बहिणीला पाजू नका. तिचा घसा विषाणूचा असेल तर ते वायाच, आणि जंतूचा असेल तर डोस अपुरा.

प्रत्येक घशाला अँटिबायोटिक मागू नका. नाक वाहतंय, खोकला आहे, आवाज बसलाय, तर बहुधा तो विषाणूच.

'आता चार-पाच दिवस झालेच, कशाला औषध' हेही चूक. दुखणं सुरू झाल्यापासून 9 दिवसांच्या आत औषध सुरू केलं तरी रुमॅटिक ताप टळतो.

सांधे एकामागून एक दुखत असतील तर डॉक्टरांनी बघेपर्यंत दुखण्याची गोळी घरच्या घरी देऊ नका. ती खूणच पुसते. मुलाचे हातपाय आपोआप वेडेवाकडे हलायला लागले, अक्षर बिघडलं, हातातून वस्तू पडू लागल्या, तर 'चाळे करतोय' म्हणून रागावू नका. हाही रुमॅटिक तापच असू शकतो, आणि तो घसा दुखल्यानंतर काही महिन्यांनीही येतो.

आणि रक्ततपासणीत नुसता एएसओ वाढलेला रिपोर्ट घेऊन घाबरून येऊ नका. तो फक्त जंतू अलीकडे येऊन गेला एवढंच सांगतो. लक्षणं नसताना त्यावरून इंजेक्शनं सुरू करणाऱ्यांशी माझं कधीच पटलेलं नाही.