मासिकाच्या फोटोतील विणकामाचे संक्षेप मराठी कृतीत कसे उतरवावेत

इंग्रजी मासिकातल्या विणकामाच्या पानाचा फोटो समोर आला की बहुतेक जण एकच सल्ला देतात: संक्षेपांची यादी शोधावी आणि प्रत्येक अक्षरासमोर मराठी शब्द लिहीत जावे. हा सल्ला अपुरा आहे. `k` म्हणजे सुलट टाका आणि `p` म्हणजे उलट टाका, हे दोन दिवसांत पाठ होते. कृती बिघडते ती कंसांमुळे, तारकेमुळे आणि बऱ्याचदा आपल्याच मराठी शब्दांमुळे.

उदाहरणासाठी स्कार्फची एक जुनी, सर्वत्र विणली जाणारी लाटांची जाळी घेऊ. फोटोत ती साधारण अशी दिसते:

```
Cast on 56 sts.
Row 1 (RS): K.
Row 2: P.
Row 3: K1, *[k2tog] 3 times, [yo, k1] 6 times,
[k2tog] 3 times; rep from * to last st, k1.
Row 4: K.
Rep these 4 rows.
```

फोटो मोठा करून पान जसे आहे तसे, अक्षरन्‌अक्षर, कागदावर उतरवून घ्यावे आणि या टप्प्यावर भाषांतर अजिबात करू नये. त्याच मासिकातील संक्षेपांच्या चौकटीचा फोटो नसेल, तर तो आधी मागवून घ्यावा. सुईचा नुसता क्रमांक दिला असेल, तर मासिक कोणत्या देशातले आहे हे पाहून त्याचे मिलिमीटर करून लिहावेत, कारण जुन्या ब्रिटिश मापात ८ क्रमांकाची सुई ४ मिलिमीटरची असते आणि अमेरिकन मापात तोच ८ क्रमांक ५ मिलिमीटरचा असतो.

पुढची पायरी शब्द ठरवण्याची आहे, आणि इथे मराठीत एक खड्डा आहे ज्यात मी स्वतः पडले आहे. आपण टाक्याला सुलट आणि उलट म्हणतो, तसेच कापडाच्या बाजूलाही सुलट आणि उलट म्हणतो. `RS` आणि `WS` या कापडाच्या बाजू आहेत, तर `K` आणि `P` हे टाके आहेत, आणि या चारही गोष्टींसाठी आपण दोनच शब्द वापरत असतो. वरच्या विणीतील चौथी ओळ मागच्या बाजूची आहे, पण ती सुलट टाक्यांनी विणायची आहे. मी वहीत त्या ओळीसमोर मागची बाजू अशा अर्थाने नुसते "उलट" लिहून ठेवले होते. आठवड्याने काम पुन्हा हातात घेतले तेव्हा तोच शब्द टाका म्हणून वाचला आणि ती ओळ प्रत्येक वेळी उलट टाक्यांनी विणली. लाटा आल्या, भोके आली, पण दर चार ओळींनी दर्शनी बाजूवर उठायला हवी ती आडवी उंच रेषा कुठेच नव्हती. हातभर विणून झाल्यावर मासिकातल्या चित्राशी ताडून पाहिले, तेव्हा हे लक्षात आले आणि सगळे उसवावे लागले.

तेव्हापासून माझा नियम पक्का आहे. `RS` साठी "दर्शनी बाजू" आणि `WS` साठी "मागची बाजू" एवढेच शब्द वापरावेत, आणि "सुलट" व "उलट" हे शब्द फक्त टाक्यांसाठी राखून ठेवावेत. "उलट ओळ" हा शब्दप्रयोग तर वहीतून हद्दपारच करावा, कारण त्याचे दोन्ही अर्थ बरोबर वाटतात.

बाकीचे शब्द सोपे आहेत. `st` किंवा `sts` म्हणजे टाका किंवा टाके. `k2tog` म्हणजे दोन टाक्यांत एकदम सुई घालून ते एकत्र सुलट विणणे. `yo` म्हणजे लोकर दोन सुयांच्या मधून पुढे आणणे; मग पुढचा टाका सुलट विणताना सुईवर लोकरीचा एक जास्तीचा वेढा पडतो आणि त्याखाली जाळीचे भोक तयार होते. ब्रिटिश मासिकात दोन सुलट टाक्यांमधल्या याच क्रियेला `yfwd` असे लिहिलेले आढळेल. `rep` म्हणजे पुन्हा करणे.

आता खरी अडचण येते ती तिसऱ्या ओळीत. चौकोनी कंस आणि तारका दोन्ही पुनरावृत्तीच सांगतात, पण त्यांची मोजणी निरनिराळी असते. कंसानंतर `3 times` असेल, तर कंसातली क्रिया एकूण तीन वेळा करायची असते. तारकेच्या बाबतीत मात्र `rep from * twice more` असे असेल, तर तो भाग एकदा विणून झालेलाच असतो आणि त्यानंतर आणखी दोनदा विणायचा असतो, म्हणजे एकूण तीन वेळा. मराठीत लिहिताना "दोनदा पुन्हा करावे" असे कधीही लिहू नये. "हा भाग एकूण तीन वेळा विणावा" असे एकूण संख्येतच लिहावे. आपल्या उदाहरणात संख्या दिलेलीच नाही, शेवटचा एक टाका उरेपर्यंत विणायचे एवढेच सांगितले आहे. ती संख्या आपण काढून लिहायची असते, आणि ती काढतानाच फोटो नीट वाचला गेला की नाही हेही कळते.

यासाठी प्रत्येक क्रियेचे दोन आकडे मांडावेत: डाव्या सुईवरून किती टाके घेतले जातात आणि उजव्या सुईवर किती तयार होतात. सुलट टाका एक घेतो आणि एक देतो. `k2tog` दोन घेतो आणि एक देतो. `yo` काहीच घेत नाही, पण एक देतो. आता तारकेपासूनचा भाग पाहू. पहिल्या तीन जोड्या सहा टाके घेतात आणि तीन देतात. मधला कंस सहा वेळा विणल्यावर सहा टाके घेतो आणि बारा देतो. शेवटच्या तीन जोड्या पुन्हा सहा घेतात आणि तीन देतात. म्हणजे एक पूर्ण भाग १८ टाके घेतो आणि १८ टाके देतो. एकूण ५६ टाक्यांतून कडेचे दोन सोडले की ५४ उरतात, आणि ५४ मध्ये १८ बरोबर तीनदा जातात. म्हणून हा भाग एकूण तीन वेळा विणायचा आणि ओळ संपल्यावर सुईवर पुन्हा ५६ टाके असायला हवेत.

हा हिशेब कंटाळवाणा वाटतो म्हणून लोक अर्धाच करतात, नुसते घेतलेले टाके मोजतात. ते पुरत नाही. समजा फोटोत पानाच्या घडीमुळे मधले दोन्ही कंस दिसत नाहीत आणि आपण `yo, k1 6 times` असे वाचले. त्याचा अर्थ एकच वेढा आणि मग सहा सुलट टाके असा होतो. घेतलेले टाके अजूनही १८च भरतात, त्यामुळे ओळ शेवटपर्यंत बिनतक्रार पोहोचते, शेवटचा टाकाही जागच्या जागी येतो आणि विणणारीला शंकाही येत नाही. पण प्रत्येक भागातून १८ ऐवजी १३च टाके परत येतात आणि सुईवर ५६ ऐवजी ४१ टाके उरतात. माझ्या हातून नेमके हेच झाले होते. पुढच्या चार ओळींच्या फेरीत तिसरी ओळ अर्धवट अडली तेव्हा मी आदल्या ओळीत गळलेले टाके शोधत बसले, पण गळलेला एकही टाका नव्हता, चूक मी वाचलेल्या ओळीतच होती.

याउलट अंधूक फोटोत ६ चा ८ वाचला गेला, तर चूक लगेच उघडी पडते, कारण मग एक भाग २० टाके घेतो आणि ५४ मध्ये २० पूर्ण जात नाहीत. असा शेष उरला की मासिकात चूक आहे असे समजण्याआधी फोटोतील अंक पुन्हा पाहावेत.

मोजताना आणखी एक सावधगिरी बाळगावी. दुसऱ्या एखाद्या विणीत `sl 1, k1, psso` असे दिसेल. मधल्या स्वल्पविरामांमुळे त्या तीन वेगळ्या क्रिया वाटतात, पण हिशेबात तो एकच घट आहे: एक टाका न विणता उजव्या सुईवर घ्यावा, पुढचा सुलट विणावा आणि न विणलेला टाका विणलेल्यावरून ओढून सुईबाहेर सोडावा. तो दोन टाके घेतो आणि एक देतो. `k2tog` ही तेवढेच करतो, मात्र त्याची घट उजवीकडे झुकते आणि याची डावीकडे. त्यामुळे एकाच्या जागी दुसरा वाचला गेला तर हिशेब चूक पकडत नाही. चौथ्या ओळीतील सुलट-उलटची गफलतही त्याला कळत नाही. त्यासाठी विणूनच पाहावे लागते.

आकडे जुळल्यावरच मराठी कृती लिहायला घ्यावी. या विणीची माझ्या वहीतील कृती अशी आहे:

सुईवर ५६ टाके घालावेत.

ओळ १, दर्शनी बाजू: सर्व टाके सुलट विणावेत.

ओळ २, मागची बाजू: सर्व टाके उलट विणावेत.

ओळ ३, दर्शनी बाजू: एक टाका सुलट विणावा. त्यानंतर पुढील भाग एकूण तीन वेळा विणावा: दोन टाके एकत्र सुलट, असे तीन वेळा, लोकर पुढे आणून एक टाका सुलट, असे सहा वेळा, दोन टाके एकत्र सुलट, असे तीन वेळा. शेवटी उरलेला एक टाका सुलट विणावा. सुईवर ५६ टाके असावेत.

ओळ ४, मागची बाजू: सर्व टाके सुलट विणावेत. आधीच्या ओळीतील प्रत्येक वेढा हा एक स्वतंत्र टाका धरावा.

या चार ओळी हव्या त्या लांबीपर्यंत पुन्हा विणाव्यात आणि टाके बंद करावेत.

तिसऱ्या ओळीत "लोकर पुढे आणून" हे शब्द "एक टाका सुलट" च्या आधीच राहिले पाहिजेत. क्रम फिरवला तर भोके एका टाक्याने सरकतात आणि शेवटचा वेढा थेट जोडीला जाऊन चिकटतो.

पूर्ण काम सुरू करण्यापूर्वी फक्त २० टाके घालून, म्हणजे एक भाग आणि कडेचे दोन टाके घेऊन, आठ ओळी विणाव्यात. तिसऱ्या ओळीत तो भाग अर्थातच एकदाच विणायचा. तुकडा सपाट ठेवल्यावर खालची कड लाटेसारखी वळलेली दिसावी, भोके एकत्र येऊन पंख्यासारखी उघडावीत आणि दर्शनी बाजूवर दोन आडव्या उंच रेषा हाताला लागाव्यात. रेषा मागच्या बाजूला लागल्या तर दर्शनी आणि मागच्या बाजूंची अदलाबदल झाली आहे; दर्शनी बाजू गुळगुळीत असून भोके मात्र नीट आली असतील, तर चौथ्या ओळीत उलट टाके पडले आहेत.