‘इंटरव्ह्यू आहे, काय वाचू?’ : आधी हे विचारा

भाचीचा मेसेज आला : ‘मामा, गुरुवारी डेटा अॅनालिस्टचा इंटरव्ह्यू आहे. तयारी करून दे ना.’ मी लगेच एसक्यूएलचे चाळीस प्रश्न पाठवले आणि तिने तीन दिवस जॉइन्स घोकले. गुरुवारी मॅनेजरने एक्सेलची फाइल उघडली आणि विचारलं, ‘नाशिकची विक्री का घसरली असेल, यातून सांगा.’ एसक्यूएलचा विषयच निघाला नाही. चूक माझी होती.

यावर उपाय म्हणून काही जण पद, अनुभव, फेरी असे सगळे प्रश्न एका मेसेजमध्ये ओततात. घाबरलेला माणूस त्यातल्या एखाद्याचंच उत्तर देतो, बहुधा सर्वांत सोप्या प्रश्नाचं. म्हणून एकच प्रश्न विचारा, आणि तो नोकरीत करायच्या कामाबद्दलचा. ‘पद कोणतं?’ असं विचारलंत तर ‘डेटा अॅनालिस्ट’ एवढंच कळेल. हे नाव एका कंपनीत एक्सेलचे तक्ते करणाऱ्याला देतात, दुसरीकडे पायथॉन लिहिणाऱ्याला. ‘जाहिरातीतला कामाचा मजकूर जसाच्या तसा पाठव’ असं सांगा. भाचीच्या जाहिरातीत पहिल्या दोन ओळी मासिक विक्री अहवाल आणि पॉवर बीआयच्या होत्या. एसक्यूएल अगदी शेवटी, ‘येत असल्यास उत्तम’ या ओळीत. मजकूर मागितला असता तर तीन दिवस वाचले असते.

अनुभवाची वर्षं बहुतेकदा त्याच मजकुरात सापडतात. विषय तोच राहिला तरी प्रश्नाचा रोख त्यावरून ठरतो. नवख्याला ‘दुसऱ्या क्रमांकाचा पगार काढणारी क्वेरी लिहा’ म्हणतील, तर सहा वर्षं काम केलेल्याला ‘हा रिपोर्ट यायला वीस मिनिटं लागतात, कुठून बघायला सुरुवात कराल?’ असं विचारतील. दुसऱ्याने क्वेरी पाठ करून उपयोग नाही.

फेरीचं स्वरूप उमेदवाराला अनेकदा ठाऊकच नसतं, आणि एचआरला विचारलं तर वाईट दिसेल म्हणून तो गप्प बसतो. वाईट दिसत नाही. ‘नमस्कार, गुरुवारची फेरी किती वेळाची आहे, कोण घेणार आहे आणि प्रत्यक्ष काही करून दाखवायचं आहे का, ते कळवाल का?’ एवढा मेल पुरतो.

इंटरव्ह्यू उद्यावर आला असेल तर मात्र हा क्रम उलटा. एका रात्रीत नवा विषय होत नाही, म्हणून आधी फेरीचं विचारा. एचआरचं उत्तर आलं नाही, तर कॅलेंडरवरचं आमंत्रण नीट वाचा. अर्धा तास आणि घेणारी व्यक्ती एचआरची असेल, तर स्वतःची ओळख, नोकरी बदलण्याचं कारण, अपेक्षित पगार आणि नोटीस पिरियड यांची उत्तरं मोठ्याने बोलून बघायला सांगा. तास-दीड तास आणि सोबत कोड लिहायच्या पानाची लिंक दिसली, तर त्याने रात्री लॅपटॉपवर बसून दोन-तीन क्वेरी स्वतः टाइप केलेल्या बऱ्या.