मोबाइलचा ८० टक्क्यांचा नियम सोलरच्या एलएफपी बॅटरीला लावू नका

मोबाइल ८० टक्क्यांवर चार्जिंगवरून काढला तर बॅटरी जास्त टिकते, हे आता बहुतेकांना माहीत आहे. हीच सवय पोर्टेबल पॉवर स्टेशनला किंवा सोलरच्या एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीला कायम लावली, तर काही महिन्यांनी टक्क्यांचा आकडा भरवशाचा राहत नाही. ३५ टक्के दाखवत असतानाच घरातले दिवे जातात. या बॅटरीला अधूनमधून पूर्ण भरावंच लागतं.

मोबाइलचा सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्टच्या वर जातो, नव्या फोनमध्ये ४.४ च्या आसपास. इतक्या व्होल्टेजवर तो तासन्‌तास राहिला की लवकर झिजतो. एलएफपी सेलची कमाल मर्यादा मात्र ३.६५ व्होल्ट आहे. १२.८ व्होल्टच्या बॅटरीत असे चार सेल एकापुढे एक जोडलेले असतात, आणि बॅटरी एकतृतीयांश भरलेली असो की ऐंशी टक्के, व्होल्टेज १३.१ ते १३.३ च्या आसपासच राहतं. म्हणून आतली बीएमएस (बॅटरीची राखण करणारं सर्किट) आत-बाहेर जाणारा करंट मोजून टक्के काढते. त्या मोजणीत रोज थोडी चूक साचत जाते. बॅटरी पूर्ण भरताना व्होल्टेज झपकन वर जातं, तेव्हाच बीएमएसला खात्रीने १०० टक्के धरता येतात.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. फोनमध्ये बहुधा एकच सेल असतो, इथे चार आहेत आणि ते एकसारखे भरलेले राहतातच असं नाही. समजा, १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीत एक सेल इतरांपेक्षा २ अँपिअर-तास पुढे गेलाय. बीएमएस त्याच्यातली जादा वीज हळूहळू जाळून टाकते, पण बहुतेकदा सेल ३.४ व्होल्टच्या वर गेल्यावरच. तिचा वेग ५० मिलिअँपिअर धरला तर २ अँपिअर-तास उतरायला ४० तास लागतील. रोज ८० टक्क्यांवर थांबलात तर ते ४० तास कधी मिळणारच नाहीत.

आता पॅनेल आणि बॅटरीच्या मधला सोलर चार्ज कंट्रोलर लावताना काय करायचं ते पाहू. आधी बॅटरी जोडा, मग पॅनेल. काढताना आधी पॅनेल. त्यानंतर बॅटरीचा प्रकार `LiFePO4` निवडा. नुसतं ‘लिथियम’ लिहिलेला पर्याय दिसला तर त्याचं व्होल्टेज तपासल्याशिवाय घेऊ नका. काही स्वस्त कंट्रोलरमध्ये तो मोबाइलसारख्या तीन सेलांसाठी असतो आणि १२.६ व्होल्टला चार्जिंग थांबवतो. एलएफपी बॅटरी त्यावर जवळजवळ रिकामीच राहते.

आकडे स्वतः भरायचे असतील तर चार्जिंगचं व्होल्टेज १४.२ ते १४.४ ठेवा. १४.६ ही शेवटची मर्यादा आहे, तिथे रोज जाण्यात काही फायदा नाही. फ्लोट, म्हणजे बॅटरी भरल्यावर धरून ठेवायचं व्होल्टेज, १३.५ च्या आसपास ठेवा. इक्वलायझेशन पूर्ण बंद करा, कारण ते लेड-ॲसिड बॅटरीसाठी आहे आणि व्होल्टेज १५ च्या आसपास किंवा वर नेतं. तापमानानुसार व्होल्टेज बदलण्याची सोयही बंद करा. ती चालू राहिली तर उन्हाळ्यात व्होल्टेज आपोआप खाली येतं आणि बॅटरी अर्धवट भरते. जुन्या ट्यूब्युलर बॅटरीच्या इन्व्हर्टरला एलएफपी जोडताना हे सगळं हमखास राहून जातं. करंटचं म्हणाल तर १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीला २० ते ५० अँपिअर पुरे, पण बॅटरीवर छापलेली मर्यादा अंतिम माना.

रोज पूर्ण भरण्याची गरज नाही. महिन्यातून एकदा, वापर कमी असलेल्या स्वच्छ उन्हाच्या दिवशी, १०० टक्के होऊ द्या आणि पुढे काही तास चार्जिंगवरच ठेवा. पॉवर स्टेशनमध्ये व्होल्टेज बदलता येत नाही, तिथे एवढंच पाळायचं.

बीएमएसचं ॲप असेल तर भरत आल्यावर चारही सेलांचे आकडे पाहा. एक ३.६ वर आणि बाकीचे ३.४० वर असतील, किंवा एकूण व्होल्टेज १४ लाही पोहोचायच्या आत चार्जिंग तुटत असेल, तर सेलांचा समतोल बिघडला आहे. तेव्हा चार्जिंग व्होल्टेज १३.८ वर आणून, कमी करंटवर बॅटरी एक-दोन दिवस तशीच धरा. फरक हळूहळू कमी व्हायला हवा. आठवडाभराने तोच सेल पुन्हा पुढे पळाला, तर विक्रेत्याकडे वॉरंटी मागा.

बॅटरी महिनोन्‌महिने बंद ठेवायची असेल, तर मात्र मोबाइलसारखंच: निम्मी भरलेली, थंड जागी. आणि लडाख-स्पितीला पॉवर स्टेशन नेणार असाल, तर शून्य अंशाखाली चार्ज करू नका. वापरायला हरकत नाही, पण चार्जिंग तंबूत किंवा गाडीत तापमान वर आल्यावरच.