चीजकेकखालचा बिस्किटांचा थर: सुरी फिरली तरी भुगा न होणारा

न भाजता, फ्रिजमध्ये सेट होणाऱ्या चीजकेकबद्दल हे लिहितेय. आंब्याच्या दिवसांत घरोघरी होतो तो. वरचं क्रीम चीज आणि आमरस बहुतेकांना जमतो. घोटाळा होतो तो खालच्या थरात. सुरी घातली की बिस्किटांचा भुगा डिशभर पसरतो, नाहीतर थर इतका दगड होतो की तुकडा उचलताना वरचा भाग सरकून हातात येतो. या दोन्हींवर सर्रास एकच सल्ला मिळतो, 'बटर वाढवा आणि जोर लावून दाबा'. दगड होतो तो याच सल्ल्याने.

८ इंची, म्हणजे २० सेंटिमीटरच्या, तळ सुटणाऱ्या टिनसाठी २०० ग्रॅम बिस्किटं लागतात. दाबल्यावर थर एक सेंटिमीटरपेक्षा जरा कमी भरतो आणि तेवढाच हवा. बिस्किटं मिक्सरमधून जाडसर रव्याइतकी बारीक करा. मोठे कण राहिले तर थर नेमका तिथेच तडकतो, म्हणून चाळून घ्या आणि चाळणीत उरलेलं पुन्हा फिरवा. पावसाळ्यात सादळलेली बिस्किटं वापरायची असतील तर आधी ओव्हनमध्ये कुरकुरीत करून पूर्ण गार होऊ द्या.

आता बटर. ते वाटीने किंवा चमच्याने मोजू नका, काट्यावर तोला. आणि सगळ्या बिस्किटांना एकच प्रमाण चालत नाही, कारण बिस्किटांत स्वतःची चरबीही असते. डायजेस्टिव्ह बिस्किटांत १०० ग्रॅममागे साधारण २० ग्रॅम असते, मारीमध्ये त्याच्या निम्मी, १० ते १२ ग्रॅम. पाकिटाच्या मागे हा आकडा छापलेला असतो, तो बघा. बटरमध्ये सुमारे ८० टक्के चरबी, बाकी बहुतांश पाणी. माझा हिशेब असा की २०० ग्रॅम चुऱ्याला बिस्किटांची आणि बटरची मिळून ११० ग्रॅमच्या आसपास चरबी हवी. डायजेस्टिव्हमध्ये ४० ग्रॅम आधीच आहे, म्हणून ९० ग्रॅम बटर पुरतं. मारीमध्ये फक्त २२, म्हणून ११० ग्रॅम लागतं. डायजेस्टिव्हच्या रेसिपीत मारी घातली की थर का सुटतो, ते यावरून कळेल. उलट केलं तर थर तेलकट आणि कडक होतो.

बटरऐवजी तेल अजिबात नको. न भाजलेल्या थरात कण धरून ठेवतं ते गार होऊन घट्ट झालेलं बटर, आणि आपलं रोजचं तेल फ्रिजमध्ये घट्ट होत नाही. तूप चालतं, पण त्यात पाणी नसल्यामुळे बटरच्या चार पंचमांश घ्या. ते रवाळ गोठतं आणि वास पुढे येतो, त्यामुळे मी आंब्याबरोबर घालत नाही.

बटर मंद आचेवर फक्त वितळवा, कढवू नका. ढवळून त्यातलं तीन चतुर्थांश चुऱ्यात ओता, हाताने चोळून सगळीकडे लावा आणि मूठ वळून बघा. मुटका हातात टिकला पाहिजे, बोटाने टोचल्यावर दोन-तीन ढेकळांत फुटला पाहिजे आणि तळहातावर तेलाचा ओघळ दिसता कामा नये. मूठ उघडताच भुगा झाला तर उरलेलं बटर चमच्या-चमच्याने घाला. टोचल्यावर मुटका फुटण्याऐवजी दबला तर बटर जास्त झालंय, दोन चमचे चुरा वाढवा. वजन हा अंदाज, शेवटचा निकाल मुठीचा.

दाबणं ही सगळ्यात फसवी पायरी. मलाही सगळ्यात जास्त वेळ हीच शिकायला लागला, कारण दिसायला ती अगदी सोपी आहे. मिश्रण कोमट असतानाच दाबायला घ्या. एसीच्या खोलीत बटर लवकर गोठतं आणि मग कितीही दाबलं तरी कण एकमेकांना धरत नाहीत. टिनच्या तळाला बटर पेपर लावा, सगळा चुरा ओता आणि दाबण्याआधी बोटांनी सारखा पसरा. हे टाळलं तर मध्ये उंचवटा राहतो आणि कडा विरळ राहतात. तो उंचवटा नंतर दाबून कडेला सरकत नाही, जागीच घट्ट बसतो.

आता सपाट बुडाची वाटी किंवा स्टीलचा पेला घ्या. सुरुवात कडेपासून करा. टिनच्या भिंतीला लागून गोल फिरत हलक्या हाताने दाबा, प्रत्येक ठसा आधीच्या ठशावर थोडा चढू द्या, मग मध्ये या. ही पहिली फेरी फक्त चुरा बसवण्यासाठी. दुसऱ्या फेरीत तळहाताचा भार द्या, पण खांद्याचा जोर लावू नका. अंगचा जोर काढून दाबलेल्या थरात सुरीला जोर द्यावा लागतो, त्या जोराने वरचं क्रीम चेपतं आणि थर कापला जाण्याऐवजी फुटतो. पेल्याभोवती तेलाची चमक दिसू लागली तर थांबा.

पेल्याचं बूड अगदी कोपऱ्यात, भिंत आणि तळ मिळतात तिथे, पोहोचत नाही. थर सुटतो तो बहुतेक वेळा तिथेच. त्यामुळे शेवटी चमच्याच्या पाठीने किंवा अंगठ्याने तेवढी कड फिरून बसवा. मग कडेवरून बोट ओढा. बोटाला कण लागले तर ती जागा पुन्हा दाबा. नीट बसलेल्या थराचा रंग सगळीकडे सारखा, किंचित गडद दिसतो. मध्येच फिकट चट्टा असेल तर तिथे बटर पोहोचलेलं नाही.

फ्रीजरमध्ये २० मिनिटं किंवा फ्रिजमध्ये तासभर ठेवा. वरचं मिश्रण गार असतानाच ओता, कोमट ओतलं तर बटर पुन्हा वितळतं.

कापताना केक फ्रिजमधून काढून दहा मिनिटं बाहेर ठेवा, मे महिन्यात पाचच. थेट फ्रिजमधला थर तडकतो. लांब, पातळ सुरी गरम पाण्यात बुडवा आणि कोरडी पुसा. करवतीसारखी मागेपुढे करू नका. सरळ खाली उतरवा, तळाला टेकेपर्यंत दाबा आणि वर न उचलता आपल्याकडे ओढून बाहेर काढा. दर कापानंतर सुरी पुसा.

पहिला तुकडा काढल्यावर भुगा कुठे पडला ते बघा. फक्त बाहेरच्या कडेला पडला असेल तर कोपरा दाबायचा राहिला. टोकापासून कडेपर्यंत सगळीकडे पडला तर बटर कमी पडलं, पुढच्या वेळी १० ग्रॅम वाढवा. भुगा नाही, पण थर मोठ्या तुकड्यांत फुटला तर केक फार गार होता किंवा दाबताना जोर जास्त लागला. तसं असेल तर उरलेला केक आणखी पाच मिनिटं बाहेर राहू द्या आणि मग पुढचा तुकडा कापा.