मुदतवाढ मागायची तालीम: दोन्ही बाजूंची तयारी

आधी दोन चिठ्ठ्या लिहा, एक विद्यार्थ्याचं काम करणाऱ्यासाठी आणि एक सरांचं काम करणाऱ्यासाठी, आणि त्या एकमेकांना मुळीच दाखवू नका. प्रत्यक्षातही एकाची अडचण दुसऱ्याला माहीत नसते. प्रसंग असा धरा: चार प्रकरणांचा अहवाल शुक्रवारी संध्याकाळी पाचला द्यायचा आहे आणि आज बुधवार सकाळ आहे.

विद्यार्थ्याच्या चिठ्ठीत लिहा की दोन प्रकरणं झाली आहेत, तिसऱ्याची आकडेवारी हाताशी आहे आणि मधले चार दिवस तापात गेले. हिशोब मात्र त्यानेच करायचा. तिसऱ्या प्रकरणाला उद्यापर्यंतचे दोन दिवस, चौथ्याला शुक्रवार-शनिवार, रविवारी एकदा तपासणी. थोडी सवड धरून सोमवारी संध्याकाळी पाच. हा हिशोब केला नसेल तर तोंडून "सर, थोडी मुदत वाढवून मिळेल का?" एवढंच निघतं, आणि "थोडी म्हणजे किती?" हे सरांना विचारावं लागतं. तिथेच मागणी ढिली पडते. त्यापेक्षा असं बोलून बघा: "सर, दोन प्रकरणं झाली आहेत, ती सोबत आणली आहेत. मधले चार दिवस तापात गेले. सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत दिला तर चालेल का?" आजारपणाला एक वाक्य पुरे. ते लांबलं की ऐकणाऱ्याला खरंखोटं करत बसावं लागतं, आणि हे दोघांनाही अवघड जातं. नकार आला तर पुढे काय मागायचं, तेही आधीच ठरवून ठेवा.

सरांच्या चिठ्ठीत दोन गोष्टी हव्यात: गुण पुढच्या बुधवारी विभागात द्यायचे आहेत, आणि कालच एका मुलीला मुदत नाकारली आहे. सरांचं काम करणारे बहुतेक जण एक तर लगेच हो म्हणतात, नाहीतर उगाच खेकसतात. दोन्हीत तालीम वाया जाते. आधी झालेली प्रकरणं मागून बघा, मग आपली अडचण उघड सांगा: "सोमवारी संध्याकाळी आला तर मला तपासायला एकच दिवस उरतो." इथे विद्यार्थ्याने ठेवणीतला पर्याय काढायचा: "मग तीन प्रकरणं शुक्रवारीच देतो, चौथं सोमवारी सकाळी दहाला." हे मान्य करण्याआधी सरांनी कालच्या मुलीचा विचार करायचाच आहे. तिचं कारणही याच तोडीचं असेल तर तिलाही बोलावून तीच सवलत द्यावी लागेल, नाहीतर यालाही नाही म्हणावं लागेल.

तिसरा कोणी बघायला असेल तर त्याने एवढंच टिपावं: नवी तारीख कितव्या वाक्यात आली? पाचव्याच्या पुढे गेली तर पुन्हा पहिल्यापासून. पाच मिनिटांत थांबा, भूमिका बदला. ठरलेली तारीख आणि वेळ लिहिलेला दोन ओळींचा ईमेलही विद्यार्थ्याने तिथेच लिहून दाखवावा.