मुखपृष्ठ रंगवायला बसण्याआधी: आधी स्पाइन मोजा

मागच्या वर्षी गिरगावातल्या चाळीवरच्या एका कादंबरीचं, फोटोवरून रंगवलेलं मुखपृष्ठ माझ्या हातून बिघडलं. चित्र चांगलं होतं, बिघडली ती स्पाइन, म्हणजे पुस्तक फळीवर उभं असताना दिसणारी पाठीची पट्टी. आता पुन्हा फोटोवरूनच एक काम आलंय, म्हणून ही यादी लिहून ठेवतोय. यातल्या बाकीच्या गोष्टी एखाद वेळी विसरलात तरी निभावेल, स्पाइनचं मात्र विसरू नका.

पहिल्यांदा परवानगी. फोटो कोणी काढला, हक्क कोणाकडे, हे विचारा आणि लेखी घ्या. 'मी तर हाताने काढतोय, फोटो छापत नाही' हे म्हणणं चालत नाही. फोटोवरून केलेलं चित्र हे त्याचं रूपांतर आहे, आणि रूपांतराचा हक्कही मूळ हक्कदाराचाच असतो. प्रसिद्ध झालेल्या फोटोवर आपल्याकडे छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतो, त्यामुळे कोणाच्या घरचा जुना अल्बम हातात आला म्हणून लगेच खूश होऊ नका.

मग प्रकाशकाला फोन. पुस्तकाचा आकार, पृष्ठसंख्या, आतला कागद. डेमी म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच, साधारण 140 बाय 216 मिलिमीटर, हे सगळ्यांना पाठ असतं. पृष्ठसंख्या विचारताना मात्र 'अंदाजे' हा शब्द ऐकला की तिथेच थांबा. प्रस्तावना धरली का, अर्पणपत्रिका, शेवटची कोरी पानं धरली का, हे विचारा. मला 200 पानं सांगितली होती आणि कागद 70 जीएसएम मॅपलिथो. कागदाच्या एका पत्राला दोन पानं, तेव्हा 200 पानं म्हणजे 100 पत्रं. एक पत्र साधारण 0.09 मिलिमीटर जाड, म्हणजे 9 मिलिमीटर. मी 9 धरून मोकळा झालो. नंतर प्रस्तावना वाढली, परिशिष्ट आलं, पानं 240 झाली. शिवाय कागद बदलून पिवळसर, फुगीर बुकप्रिंट घेतला. जीएसएम तेच, 70, पण पत्राची जाडी 0.11. आता 120 गुणिले 0.11 म्हणजे 13.2, वर दोन्ही बाजूंच्या कव्हरची जाडी. स्पाइन झाली 14. जीएसएम हे वजन आहे, जाडी नव्हे. हे मला कळत होतं, तरी मी विचारलं नाही.

झालं काय, ते नीट सांगतो. फोटोत चाळीच्या गॅलरीचा एक लाकडी खांब होता, तो मी बरोबर स्पाइनवर बसवला होता. खांब म्हणजेच पुस्तकाचा कणा, अशी कल्पना. त्याच्या दोन्ही कडा घडीवर. आता 14 मिलिमीटरच्या स्पाइनवर 9 चा तपकिरी खांब आणि दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मिलिमीटर पिवळ्या भिंतीचे पट्टे. सपाट कव्हर मी ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी जास्तीची कड, धरून 295 रुंद दिलं होतं, पण पुस्तकाला कापल्यानंतरच 294 लागत होतं. तीन-तीन मिलिमीटरचा ब्लीड गेला, कडेला अर्धा मिलिमीटर उरला, आणि बऱ्याच प्रतींच्या काठाला पांढरी रेघ आली. लेखिकेने प्रत हातात घेतली, खांबावरून बोट फिरवलं आणि काही बोलली नाही. ते मला अजून आठवतं.

म्हणून, बाइंडरकडून कोरी डमी मागा. त्याच कागदाची, तेवढ्याच पानांची. लोअर परळच्या गाळ्यापर्यंत जायला लागलं तरी जा. डमी हाताने दाबून धरा आणि कॅलिपरने मोजा. आणि माप कितीही पक्कं असलं तरी स्पाइनच्या घडीवर कडक कड ठेवू नका. बांधणीत मिलिमीटरभर इकडेतिकडे होतंच. रंग स्पाइनवरून वाहत पुढे जाऊ द्या. घडीपासून पाच-सहा मिलिमीटर चेहरा, हात, अक्षर काही नको, कारण पुस्तक उघडताना तिथे वळी पडते.

आता फोटो. कॅमेऱ्याचा उभा फोटो बहुतेकदा दोनास तीन या प्रमाणात असतो आणि डेमी पुस्तकही जवळपास त्याच प्रमाणात. म्हणून तो चौकटीत इतका चपखल बसतो की शीर्षकाला जागाच उरत नाही, आणि आपल्याला वाटतं, वा, जमलं. चौकट भरू नका. कठड्याशी उभी बाई मी खालच्या 130 मिलिमीटरमध्ये आणली, वरची भिंत स्वतः वाढवून काढली, 65 मिलिमीटर शीर्षकाला, तळाला 20 लेखिकेच्या नावाला. हे भाग रंगवताना मोकळे सोडायचे, नंतर 'बघू कुठे बसतं' करायचं नाही.

देवनागरीचा एक खास धोका आहे. चाळीच्या फोटोत आडव्या रेघाच रेघा: कठडे, तुळया, वायरी. त्यांच्यावर शीर्षक ठेवलं की शिरोरेषा त्यांतलीच एक होऊन जाते आणि अक्षरं खाली लोंबकळतात. शीर्षकामागे सपाट रंगच हवा. शिवाय शीर्षकात रफार, वेलांटी, दीर्घ उकार असेल तर ओळीची उंची शिरोरेषेपासून पायापर्यंत मोजून भागत नाही. रफाराच्या टोकापासून उकाराच्या तळापर्यंत मोजा. स्पाइनवर तर हे जास्तच. 14 ची स्पाइन, दोन्हीकडे दोन-दोन सोडले, उरले 10, आणि त्या दहात रफार ते उकार सगळं बसायला हवं. म्हणजे मूळ अक्षर वाटतं त्यापेक्षा बरंच लहान होणार. 9 च्या स्पाइनवर ते किती होईल हे मी तेव्हा छापूनच पाहिलं नव्हतं. स्पाइनवरचं नाव वरून खाली की खालून वर, तेही प्रकाशकाची आधीची पुस्तकं पाहून ठरवा, फळीवर एकत्र उभी राहतात ती.

शैलीबद्दल थोडक्यात. फोटो करडा करून तीन छटांत मोडा, पण ते फक्त मार्गदर्शक. सॉफ्टवेअरने मोडलेल्या छटा जशाच्या तशा वापरल्या की नाकाखालची सावली मिशीसारखी दिसते. प्रत्येक आकार हाताने पुन्हा काढा. चार रंग पुरे. डोळे अर्धवट मिटून बाई आणि भिंत वेगळी दिसतात का, ते पाहा.

मागे बारकोडला साधारण 40 बाय 26 मिलिमीटर पांढरी जागा. रंग सीएमवायके, 300 डीपीआय. शीर्षक चित्रात वितळवू नका, वेगळ्या थरात ठेवा, आणि प्रेसला देताना फाँट कर्व्हमध्ये बदला, नाहीतर जोडाक्षरं फुटतात. पावसाळ्यात लॅमिनेशन केलेलं कव्हर वळतं, ते प्रेसवाल्याशी बोला. फोनवर छोटं करून शीर्षक वाचता येतं का पाहा.

आणि फाइल पाठवण्याच्या दिवशी सकाळी प्रकाशकाला परत फोन: पानं तेवढीच आहेत ना, कागद तोच आहे ना. बदललं असेल तर स्पाइन पुन्हा मोजा.